‘फिट’ची गोष्ट सांगायची कधी आणि कशी?

लग्नाच्या वाटाघाटीत अपस्मार लपवला जातो तो स्थळ मोडेल या भीतीने. प्रत्यक्षात, लपवण्याची किंमत लग्नाच्या मांडवातच मोजावी लागण्याची शक्यता असते.

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका कांद्याचा आणि द्राक्षांचा. त्याच तालुक्यात गोदावरीच्या काठी वसलेल्या सायखेड्यासारख्या गावात ‘डेटिंग’ हा शब्द आजही जरा परकाच वाटतो. तरीही त्या शब्दामागची गोष्ट तिथे पोहोचली आहे. बायोडाटा मोबाइलवर येतो, पत्रिका जुळते, कांदेपोह्यांचा कार्यक्रम होतो आणि मग ‘मुलांना एकमेकांशी बोलू द्या’ म्हणून दोघे नाशिकला एखाद्या हॉटेलात दोन-तीनदा भेटतात. काहींची ओळख महाविद्यालयात किंवा नोकरीच्या ठिकाणी आधीच झालेली असते आणि घरच्यांची बोलणी नंतर सुरू होतात. मार्ग कोणताही असो, ज्याला किंवा जिला एखादा दीर्घकाळचा आजार आहे, त्याच्यापुढे या भेटींत एकच प्रश्न उभा असतो. हे सांगायचे कधी, आणि कोणत्या शब्दांत?

अपस्मार, म्हणजे बोलीभाषेत फिट, आकडी किंवा फेफरे, हे या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. मधुमेहासारखा तो रोजच्या खाण्यापिण्यात दिसत नाही आणि पोलिओने अधू झालेल्या पायासारखा चालताना उघड होत नाही. गोळ्या नियमित असतील तर वर्षानुवर्षे तो कोणाच्याही लक्षात येत नाही. त्यामुळे लपवणे सोपे असते आणि घरातील वडीलधारी मंडळीही बहुधा तोच सल्ला देतात. ‘लग्न होऊ दे, मग आपोआप सगळे सुरळीत होईल’ हे वाक्य अशा अनेक घरांत उच्चारले जाते. मात्र हा सल्ला केवळ नैतिकदृष्ट्या नव्हे, तर वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचा आहे. अपस्माराच्या बाबतीत लपवणे हेच फिट येण्याचे कारण ठरू शकते.

मांडवातील जागरण आणि चुकलेली गोळी

मेंदूतील पेशींमध्ये अकस्मात आणि अनियंत्रित विद्युत लहरी उसळल्या की फिट येते. ज्यांना अपस्मार आहे अशा सुमारे ७० टक्के व्यक्तींच्या फिट योग्य औषधाने पूर्णपणे आटोक्यात राहू शकतात. पण औषधाने आजार नाहीसा झालेला नसतो, तो रोखून धरलेला असतो. रक्तातील औषधाची पातळी घसरली की तो बांध फुटू शकतो. फिट पुन्हा उसळण्याची दोन नेहमीची कारणे डॉक्टर पहिल्याच भेटीत सांगतात. एक म्हणजे चुकलेली गोळी आणि दुसरे म्हणजे अपुरी झोप.

आता नाशिक परिसरातील एखादे लग्न डोळ्यांसमोर आणावे. हळदीच्या आदल्या रात्रीपासून घरात पाहुण्यांची वर्दळ असते. वधूवरांना काही विधींसाठी उपाशी राहावे लागते, पहाटे उठावे लागते, लग्न लागल्यावर वरात, मग देवदर्शन, आणि अनेक घरांत लग्नानंतर रात्रभर चालणारा जागरण-गोंधळ असतो. सलग तीन-चार रात्री झोप मोडते. याच दिवसांत नव्या घरात आलेल्या मुलीला सकाळ-संध्याकाळची गोळी कोणाच्याही नकळत घ्यायची असते. खोलीत नणंदा बसलेल्या, बॅग सासूबाईंनी आवरायला घेतलेली, आणि पाण्याचा पेला मागितला तरी ‘काय झालं?’ अशी विचारणा. अशा वेळी गोळी एकदा चुकते, मग दुसऱ्यांदाही चुकते. कधी माहेरूनच सांगितलेले असते की, ‘आठ दिवस नाही घेतल्या तरी चालेल.’ अचानक औषध थांबवणे हे अपस्मारात सर्वांत धोक्याचे असते. लांबलेली किंवा एकामागून एक येणारी फिट त्यातून उद्भवू शकते, आणि ती जिवावरही बेतू शकते.

म्हणजे जी फिट कित्येक वर्षे आली नव्हती, ती नेमकी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात, सर्व नातेवाइकांच्या साक्षीने येण्याची पूर्ण व्यवस्था लपवण्यामुळे होते. सासरच्यांना तेव्हा दोन धक्के एकदम बसतात. एक आजाराचा आणि दुसरा फसवणुकीचा. पहिला धक्का पुष्कळदा पचतो, दुसरा पचत नाही.

केरळमधील तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील डॉक्टरांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच दिसले. घरच्यांनी ठरवून लग्न लावलेल्या आणि लग्नापूर्वीपासून अपस्मार असलेल्या ८२ स्त्रियांची माहिती त्यांनी घेतली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी लग्नाआधी आजार सांगितला नव्हता. घटस्फोट, विभक्त राहणे आणि संसारातील बेबनाव यांचे प्रमाण लपवणाऱ्यांत स्पष्टपणे जास्त आढळले. अभ्यास लहान आहे आणि एकाच राज्यातला आहे. मात्र ठरवून केलेल्या लग्नांची त्यातील रीत महाराष्ट्रातील वाचकाला ओळखीची वाटावी अशीच आहे.

कायदा काय म्हणतो?

‘सांगितले नाही तर लग्न रद्द होते का?’ हा प्रश्न वकिलांकडे नेहमी येतो. त्याचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांत बदलत गेले आहे. मुंबई उच्च न्यायालयासमोर सत्तरच्या दशकाच्या आरंभी एका मराठी दाम्पत्याचा खटला आला होता. पत्नीचा अपस्मार लग्नापूर्वी दडवण्यात आला, ही फसवणूक आहे, म्हणून विवाह रद्द करावा, अशी पतीची मागणी होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही. विवाह म्हणजे व्यापारी करार नव्हे आणि आजार न सांगणे ही हिंदू विवाह कायद्याच्या अर्थाने फसवणूक होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

त्यानंतर १९७६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि दोन गोष्टी बदलल्या. विवाहाच्या अटींमध्ये ‘अपस्माराचे वारंवार झटके नसावेत’ अशी अट आली, आणि दुसऱ्या पक्षाविषयीच्या ‘महत्त्वाच्या वस्तुस्थिती’बाबत फसवणूक करून संमती मिळवली असेल, तर विवाह रद्द करून मागता येईल, अशी तरतूदही कलम १२ मध्ये आली. पहिली अट अपस्मार असलेल्यांवर अन्याय करणारी होती. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींमधून ‘अपस्मार’ हा शब्द काढून टाकण्यात आला. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही अपस्मार हा असाध्य रोग नाही आणि तो मानसिक विकारही नाही, असे सांगून त्या कारणावरून घटस्फोट मागणाऱ्या पतीचे अपील फेटाळले.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. अपस्मार आहे म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. अपस्मार लपवला, हा मुद्दा मात्र अजूनही न्यायालयात नेता येतो. फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि आजार कळल्यानंतरही जोडीदार राजीखुशीने एकत्र राहिला असेल तर तो मार्ग बंद होतो. दडवलेली गोष्ट किती ‘महत्त्वाची’ होती, हे न्यायालय प्रत्येक प्रकरणाच्या तपशिलावरून ठरवते. थोडक्यात, कायदा आजाराच्या बाजूने उभा आहे, लपवण्याच्या बाजूने नाही.

योग्य वेळ कोणती?

ठरवून होणाऱ्या लग्नाला ठरलेल्या पायऱ्या असतात. बायोडाटा, पाहण्याचा कार्यक्रम, दोघांच्या भेटी, पसंती, बैठक, सुपारी, साखरपुडा आणि मग लग्न. यांतल्या कोणत्या पायरीवर सांगावे, हा खरा व्यवहाराचा प्रश्न आहे.

बायोडाट्यात लिहिणे प्रामाणिक वाटते. पण बायोडाटा एका घरात थांबत नाही. मामाकडून मावशीकडे, मध्यस्थाकडून वधू-वर सूचक मंडळाकडे असा तो फिरत राहतो. ज्यांच्याशी कधी भेटही होणार नाही, अशा पन्नास घरांत आजाराचे नाव पोहोचते. शिवाय माणूस दिसण्याआधी आजार दिसतो आणि वाचणाऱ्याच्या मनात लहानपणी पाहिलेली, तोंडाला फेस आलेली एखादी व्यक्ती उभी राहते. पहिल्या भेटीत, दोन्हीकडची दहा माणसे बसलेली असताना सांगणे हेही अवघडच. तिथे प्रश्न विचारण्याची मोकळीक नसते.

दुसऱ्या टोकाला, सुपारी फुटल्यावर सांगणे हे जवळपास लपवण्यासारखेच होते. तोवर भावकीत बातमी गेलेली असते, कार्यालयाची तारीख ठरलेली असते, सोन्याची खरेदी झालेली असते. समोरच्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक राहत नाही, आणि अडकवले गेल्याची भावना त्याच्या मनात घर करते.

या दोन टोकांच्या मधली जागा म्हणजे दोघांच्या भेटी. परस्परांविषयी थोडी आवड निर्माण झाली आहे, बोलणे मोकळे झाले आहे, पण घरच्यांनी अजून ‘पसंत’ असे कळवलेले नाही, ती वेळ. साधारणपणे दुसरी किंवा तिसरी भेट. ज्यांची ओळख घरच्यांच्या मध्यस्थीविना झाली आहे, त्यांच्यासाठी हीच खूण वेगळ्या शब्दांत सांगता येते. पुढच्या वर्षाचे बेत दोघे मिळून आखू लागले की सांगण्याची वेळ आली, असे समजावे.

याला एक अपवाद आहे. फिट अजून पूर्ण आटोक्यात नसेल आणि एकत्र सहलीला, पोहायला किंवा दुचाकीवरून लांब जाण्याचा बेत असेल, तर त्याआधी सांगणे भाग आहे. तिथे प्रश्न लग्नाचा नसून जिवाचा असतो. धावत्या मोटारसायकलवर मागे बसलेल्या व्यक्तीला फिट आली आणि चालवणाऱ्याला काहीच ठाऊक नसेल, तर दोघांचाही अपघात होऊ शकतो.

प्रत्येक फिट सांगण्याजोगी असते असेही नाही. दोन-तीन वर्षांच्या वयात कडक तापात आकडी आली होती आणि पुन्हा कधीच आली नाही, तर तो अपस्मार नव्हे. दहा वर्षे फिट नाही आणि त्यांपैकी शेवटची पाच वर्षे गोळ्याही नाहीत, तर आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेच्या २०१४ च्या व्याख्येनुसार तो अपस्मार ‘निवळलेला’ मानला जातो. अशा वेळी काय आणि किती सांगायचे, हे आपल्या मेंदूविकारतज्ज्ञाशी बोलून ठरवता येते. रोज गोळी सुरू असेल तर मात्र संशयाला जागा नाही. जी गोष्ट जोडीदाराच्या घरात रोज घडणार आहे, ती त्याला आधी माहीत असायला हवी.

सांगणारी व्यक्ती आणि सांगण्याचे शब्द

एक कल्पित उदाहरण घेऊन ही भेट पाहता येईल. मुलगी सायखेड्याची, २६ वर्षांची, नाशिकमध्ये नोकरी करणारी. बारावीच्या वर्षात, रात्रभर अभ्यास केल्यावर सकाळी तिला पहिली फिट आली. त्याआधी काही महिने सकाळी उठल्यावर हाताला झटके बसून चहाचा कप हातून निसटत असे. त्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. डॉक्टरांनी निदान केले ते किशोरवयात सुरू होणाऱ्या, सकाळच्या झटक्यांच्या अपस्माराचे. हा प्रकार औषधाला चांगला दाद देतो, पण गोळ्या बहुधा दीर्घकाळ घ्याव्या लागतात आणि झोप मोडणे त्याला अजिबात मानवत नाही. ती लेव्हेटिरासिटाम ही गोळी सकाळी आणि रात्री घेते. शेवटची फिट तीन वर्षांपूर्वी, मावसबहिणीच्या लग्नात दोन रात्री जागरण झाले आणि गोळी चुकली तेव्हाची.

मुलगा सिन्नरचा, नोकरीला पुण्यात. पोह्यांचा कार्यक्रम झाला, नंतर नाशिकला एक भेट झाली, आता दुसरी आहे. मध्यस्थ काकांनी तिच्या वडिलांना सांगितले आहे की, ‘मी त्यांच्या कानावर घालीन.’ इथे पहिली सावधगिरी बाळगावी लागते. मध्यस्थाला जुळवणी महत्त्वाची असते. तो ‘मुलीला लहानपणी थोडा त्रास होता’ एवढेच सांगतो, किंवा सांगतही नाही. पुढे वाद झाला तर ‘आम्ही सांगितले होते’ आणि ‘आम्हाला कळवले नाही’ ही दोन्ही वाक्ये आपापल्या जागी खरी ठरतात. म्हणून ही गोष्ट ज्याची त्याने, समोरासमोर सांगावी.

शब्द साधे आणि क्रम सुटसुटीत असला की पुरते. आजाराचे नाव, शेवटचा झटका, सध्याचे औषध, झटका आल्यास काय दिसते आणि समोरच्याने काय करायचे, एवढ्या पाच गोष्टी पुष्कळ झाल्या. ती म्हणू शकेल, ‘घरचे पुढचे बोलायच्या आधी एक सांगायचं आहे. मला एपिलेप्सी आहे. म्हणजे फिट येतात, पण गोळ्या घेते त्यामुळे तीन वर्षं आलेली नाही. दिवसातून दोन गोळ्या असतात, आणि त्या बहुधा पुढेही घ्याव्या लागतील. जागरण झालं किंवा गोळी चुकली तर त्रास होऊ शकतो. तुम्हाला काय विचारायचं ते विचारा. उत्तर आजच द्यायला हवं असं नाही.’

रडून सांगणे, ‘माझ्यात एक दोष आहे’ अशी सुरुवात करणे किंवा ‘काही विशेष नाही’ म्हणून उडवून लावणे, या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. पहिल्या दोन पद्धतींनी ऐकणारा घाबरतो. तिसरीमुळे पुढे फिट आली की तिला खोटे बोलल्यासारखे रूप येते. ‘पूर्ण बरी झाले आहे’ हे वाक्य तर गोळ्या सुरू असताना कधीच वापरू नये.

समोरून येणारे प्रश्न

पहिला प्रश्न बहुधा असतो, ‘फिट आली तर मी काय करायचं?’ याचे उत्तर नेमके द्यावे, कारण नेमक्या उत्तराने भीती निम्मी होते. माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ पाहावे. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांपुढे गेली किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा काहीही उपयोग नसतो. फिट थांबायची तेव्हाच थांबते, श्रेय मात्र कांद्याला मिळते.

दुसरा प्रश्न मुलाबाळांचा. तो विचारायला संकोच वाटतो, पण मनात असतोच. अपस्मार असलेल्या आई किंवा वडिलांच्या बहुसंख्य मुलांना अपस्मार होत नाही. जोखीम इतरांपेक्षा थोडी अधिक असते, एवढेच. खरी काळजी घ्यावी लागते ती गर्भारपणातील औषधांची. सर्वसाधारण गरोदरपणात १०० पैकी २ ते ३ बाळांत जन्मजात व्यंग आढळते. सोडियम व्हॅल्प्रोएट हे औषध घेणाऱ्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे १० पर्यंत जाते आणि मुलाच्या बौद्धिक वाढीवरही परिणाम होऊ शकतो. लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिन ही औषधे त्या मानाने पुष्कळच सुरक्षित आहेत. पण औषध बदलायचे तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही महिन्यांत, हळूहळू बदलावे लागते आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्याही दिवस राहण्याआधीपासून सुरू कराव्या लागतात. कार्बामॅझेपिन आणि फेनिटॉइन यांसारख्या गोळ्यांमुळे तर गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हेही नवऱ्याला ठाऊक असणे गरजेचे आहे.

लपवून केलेल्या लग्नात यातले काहीच घडू शकत नाही. वर्षभरात ‘गोड बातमी’ची वाट पाहिली जाते, आणि आजार दडवणारी सून दिवस गेल्याचे कळताच बाळाच्या काळजीने स्वतःच गोळ्या बंद करते. त्यातून आलेली फिट आईला आणि बाळाला, दोघांनाही घातक ठरू शकते. हा सगळा तपशील दुसऱ्या भेटीत उलगडण्याची गरज नसते. ‘मूल होण्यात अडचण नाही, पण आधी डॉक्टरांशी बोलून औषध ठरवावं लागेल’ एवढे पुरते. बाकीचे दोघांनी मिळून डॉक्टरांकडे ऐकावे. लग्नाआधी जोडीदाराला सोबत घेऊन मेंदूविकारतज्ज्ञाकडे एकदा जाणे हा या सर्व प्रवासातील सर्वांत उपयोगी टप्पा आहे. मुलीने सांगितलेले तेच डॉक्टरांकडून ऐकले की विश्वास बसतो.

‘घरी नको सांगूया’ हा सापळा

उदाहरणातल्या मुलाने ऐकून घेतले, प्रश्न विचारले आणि शेवटी म्हटले, ‘मला काही अडचण नाही. फक्त आईला आत्ता नको सांगूया. लग्नानंतर मी समजावीन.’ असे उत्तर ऐकून मुलीला हायसे वाटते आणि नेमकी तिथेच चूक होते. नवरा नोकरीसाठी दिवसभर बाहेर असतो. गोळी लपवायची असते ती घरातल्या माणसांपासून, आणि फिट आली तर सावरायचे असते तेही त्यांनीच. आधी वर्णन केलेला सगळा धोका, मांडवातील जागरणापासून गर्भारपणापर्यंत, जसाच्या तसा शिल्लक राहतो. फरक एवढाच की आता गुपितात दोघे सामील असतात. पुढे उघड झाले की, ‘तुलाही माहीत होतं?’ म्हणून मुलगाही आईवडिलांच्या विश्वासातून उतरतो.

यावर तिचे उत्तर असे असू शकते, ‘तुम्ही आधी तुमच्या आईशी बोला. हवा तेवढा वेळ घ्या. पण ज्या घरात मी राहणार आहे, तिथे मला गोळी उघडपणे घेता यायला हवी. तोवर पसंती कळवू नका.’ दुसऱ्या शब्दांत, क्रम असा असावा. आधी दोघांत, मग मुलाने आपल्या घरी, आणि त्यानंतर बैठकीत मुलीच्या वडिलांनी मुलाच्या वडिलांना. बैठकीपूर्वी मुलीने एक साधा निरोपही पाठवून ठेवावा. ‘परवा बोललो त्याप्रमाणे, मला एपिलेप्सी आहे आणि औषधे सुरू आहेत. घरच्यांशी बोलणे झाले की कळवा.’ असा दोन ओळींचा मजकूर मोबाइलवर राहिला, तर तारीख आणि शब्द दोन्ही जपले जातात. उद्या कोणी ‘आम्हाला अंधारात ठेवले’ असे म्हटले, तर तोच सर्वांत सोपा पुरावा ठरतो.

बैठकीतच आणखी एक गोष्ट ठरवून घेता येते. हळदीच्या आणि लग्नाच्या रात्री वधूला किमान सात तास झोप मिळेल, उपास करायचाच असेल तर गोळी वेळेवर पाण्याबरोबर घेतली जाईल, आणि जागरण-गोंधळाला ती थोडा वेळ बसून उठेल. ज्या घराला आजार माहीत आहे, त्या घराला यात काहीच विचित्र वाटत नाही.

नकार आला तर

सांगितल्यावर होकारच येईल, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. पुष्कळदा उत्तर येत नाही, नुसते ‘पत्रिकेत दोष निघाला’ असे मध्यस्थामार्फत कळते. हा नकार दुखावणारा असतो आणि छोट्या गावात बातमी पसरण्याची धास्तीही असते. म्हणूनच सांगतानाच ‘आपल्यात जमले नाही तरी हे तुमच्यापाशीच राहू द्या’ असे स्पष्टपणे म्हणावे. बहुतेक माणसे एवढी विनंती पाळतात. मात्र दुसऱ्या भेटीनंतरचा नकार आणि लग्नानंतर सहा महिन्यांनी माहेरी परतणे, यांत नुकसानीचे प्रमाण फार वेगळे आहे. पहिल्यात दोन संध्याकाळी जातात. दुसऱ्यात कोर्टाची वर्षे, लग्नाचा खर्च आणि अनेकदा बंद पडलेली औषधे असतात.

मुलांच्या बाबतीतही नियम हाच आहे, फक्त लपवण्याची जागा निराळी असते. अपस्मार असलेला मुलगा गोळी बिनदिक्कत घेऊ शकतो, पण गाडी का चालवत नाही याची कारणे देत राहतो. वाहन परवान्याच्या अर्जात अपस्माराविषयी थेट प्रश्न असतो. परवाना नसलेला मुलगा ‘गाडीची आवड नाही’ म्हणत असेल, तर लग्नानंतर पहिल्याच प्रवासात ते उघडे पडते. त्याहून वाईट म्हणजे, शंका येऊ नये म्हणून तो गाडी चालवू लागतो.

वारंवार नकार पचवणे ज्यांना कठीण जाते, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेल्या संवेदना फाउंडेशनने अपस्मार असलेल्यांसाठी आधारगट चालवला आणि त्यांच्यासाठी वधू-वर मेळावेही भरवले. अशा ठिकाणी आजार सांगण्याचा प्रसंगच उरत नाही. तिथे पहिल्या भेटीत एकमेकांच्या गोळ्यांची नावे विचारली जातात आणि बोलणे लगेच आवडीनिवडींकडे वळते. पण दोघांनाही अपस्मार असेल, तर मूल होण्याविषयी डॉक्टरांचा सल्ला अधिक काळजीपूर्वक घ्यावा लागतो आणि फिट आल्यावर सावरणारे घरात दुसरे कोणी असणेही गरजेचे ठरते. म्हणून ही वाट निवडतानाही केवळ ‘इथे लपवावे लागत नाही’ एवढेच कारण पुरेसे नसते.

सांगण्यापूर्वी एक तयारी मात्र प्रत्येकाने करावी, ती म्हणजे स्वतःच्या आजाराची पूर्ण माहिती करून घेणे. अनेक मुलींना आपल्या अपस्माराचा प्रकार कोणता, गोळीचे नाव काय आणि ती किती काळ घ्यायची आहे, हेही ठाऊक नसते. कारण डॉक्टरांशी आजवर वडीलच बोललेले असतात. स्थळे पाहायला सुरुवात होण्यापूर्वी एकदा स्वतः डॉक्टरांसमोर बसावे, हे प्रश्न विचारावेत आणि निदान, औषध व शेवटच्या फिटची तारीख लिहिलेला कागद मागून घ्यावा. समोरच्याला सांगायचे पाचही मुद्दे त्या एका कागदातून तयार होतात.